अनुभव धागा: रात्री खिडकी वाजते, नळ ठिबकतो, घरमालकांना पत्र कसं लिहिलंत?

आषाढवारा

विजापूर रोडला तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहते. बेडरूमची खिडकी पश्चिमेला, दोन शटरची अॅल्युमिनियमची स्लायडिंग. जून संपता संपता सोलापुरात पावसापेक्षा वाराच जास्त सुटतो, आणि ती खिडकी रात्रभर खडखडायची. सासूबाईंची झोप आधीच सावध. त्या उठून बसल्या की मीही जागी.

मालक काका पुण्यात असतात, माणूस भला. मी तीन वेळा मेसेज केला, 'काका, खिडकी वाजते, झोप होत नाही.' तिन्ही वेळा उत्तर आलं, 'बघतो.' नंतर लक्षात आलं की त्या मेसेजमध्ये त्यांना बघण्यासारखं काहीच नव्हतं. पुण्यात बसून त्यांनी कोणाला फोन करायचा? काचवाल्याला, सुताराला की गवंड्याला?

मग एका रात्री आवाज चालू असतानाच उठले. काचेवर तळवा दाबून धरला, तरी खडखड चालूच. मग दोन शटर मधोमध एकमेकांवर येतात तिथं दाबलं, आणि आवाज एकदम बंद. हात काढला की पुन्हा सुरू. लग्नपत्रिकेचा जाड कागद घडी घालून त्या फटीत खोचला आणि त्या रात्री आम्ही दोघी झोपलो. पण कागद खोचला की खिडकी उघडता येत नाही, आणि पाऊस नसेल त्या रात्री खोली तापते. सकाळी शटर सरकवून पाहिलं. कडेच्या खाचेत जी केसाळ ब्रश पट्टी असते, तिचे केस पार झडले होते. बोट फिरवलं तर नुसती धूळ आणि गुळगुळीत प्लास्टिक. शटरला धरून ठेवणारं काही उरलंच नव्हतं.

मग हे पत्र लिहिलं. कागदावर लिहून पोस्टाने पाठवलं आणि फोटोही पाठवला:

*दि. 9 जुलै 2024*
*आदरणीय काका, सप्रेम नमस्कार.*
*पश्चिमेकडच्या बेडरूमची स्लायडिंग खिडकी 25 जूनपासून वाऱ्याने वाजते. आवाज रात्री साधारण 11 ते पहाटे 4 असतो. त्याने सासूबाईंना आणि मला रोज दोन-तीनदा जाग येते. काच दाबून आवाज थांबत नाही, दोन्ही शटर मधोमध दाबली की थांबतो. तिथली ब्रश पट्टी पूर्ण झिजली आहे. काच आणि फ्रेम चांगली आहे, नवी खिडकी लागणार नाही असं वाटतं. दोन्ही शटरच्या पट्ट्या बदलून चाकं तपासून घ्यावीत, ही विनंती.*
*पट्टी वापराने झिजली आहे, म्हणून खर्च आपण करावा. आपल्या ओळखीचा कारागीर नसेल तर मी इथला बोलावते. तो जो दर सांगेल, तो आधी आपल्याला कळवीन आणि आपण हो म्हटल्यावरच काम सुरू करीन. रविवारी दिवसभर आणि इतर दिवशी संध्याकाळी 6 नंतर मी घरी असते. 20 जुलैपर्यंत काम होईल का, ते कळवावं.*

चौथ्या दिवशी फोन आला. म्हणाले, 'एकादशीला पंढरपुरात आहे, दुसऱ्या दिवशी तुझ्याकडे येतो.' खरंच 18 तारखेला फॅब्रिकेटरला घेऊन आले. त्याने शटर वर उचलून ट्रॅकमधून काढली, जुन्या पट्ट्या ओढून नव्या सरकवल्या, एका शटरची चाकं बदलली. तासाभराचं काम.

तुम्ही काय लिहिलंत, त्याचं काय झालं, हे वाचायचं आहे. काम झालं नसेल तर तेही लिहा.

जुनी_वीण

ताई, आमच्याकडे पूर्व भागात शेजारच्या घरात माग आहेत, पहाटेपासून खटखट. खिडकी बंद केली तरी येते. मालकाला पत्र लिहिलं तर तो माग बंद करायला लावेल का ओ?

आषाढवारा

दादा, तो आवाज शेजाऱ्यांच्या कामाचा, तो मालक बंद करू शकणार नाहीत. मी घरातच बिघडलेल्या वस्तूबद्दल विचारतेय. पण बंद खिडकीतूनही आवाज जास्त येत असेल तर फट कुठं आहे ते बघा. ती बुजवून द्या असं मालकांना नक्की लिहिता येईल.

निवृत्त_फिटर

चौतीस वर्षं कारखान्यात मेंटेनन्सला होतो. आता मुलाकडे, जुळे सोलापुरात भाड्याने राहतो. नळाबद्दल लिहितो, कारण 'नळ गळतो' एवढ्यावरून प्लंबरला काय आणायचं ते कळत नाही.

पाणी कुठून येतं ते आधी बघावं. नळ पूर्ण बंद करूनही तोंडातून थेंब पडत असेल तर जुन्या पितळी नळात आतला वायसर गेलेला असतो. नळ चालू असताना मुठीखालून, दांड्याच्या कडेनं पाणी झिरपत असेल तर वायसरचा संबंध नाही, वरची ग्लँडची दोरी सैल झालेली असते. आणि वायसर बदलून पंधरा दिवसांत पुन्हा ठिबकायला लागला, तर वायसर ज्यावर बसतो ती बैठक खरवडली गेली आहे असं समजावं. मग नवा वायसर घालत बसू नये, नळच बदलून मागावा. पाव फेऱ्यात बंद होणाऱ्या नव्या नळात वायसर नसतो, आत चकत्यांचं कार्ट्रिज असतं. बोअरच्या क्षाराच्या पाण्याने ते खराब होतं. ते अख्खंच बदलतात, आणि त्यासाठी नळ कुठल्या कंपनीचा आहे ते पत्रात लिहावं लागतं.

मी मालकांना असं लिहिलं: 'बाथरूमचा खालचा नळ तोंडातून ठिबकतो, मिनिटाला साधारण वीस थेंब. रात्री 10 ला कोरडं पातेलं ठेवलं, सकाळी 6 ला अडीच लिटर भरलं.' सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, टाकीतला प्रत्येक लिटर पुरवून वापरावा लागतो. माझी झोप मालकांच्या हिशेबात नव्हती, ते अडीच लिटर मात्र लगेच आलं, कारण टाकी रिकामी झाली की टँकर त्यांनाच मागवावा लागतो.

अजून एक. त्या नळाला बाथरूममध्ये वेगळा कॉक आहे का, हे लिहावं. आमच्याकडे नव्हता. पहिल्या वेळी प्लंबर आला आणि तसाच परत गेला, कारण गच्चीवरचा वॉल्व्ह बंद केला की खालच्या दोन बिऱ्हाडांचं पाणी जात होतं. दुसऱ्या वेळी सगळ्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवलं. मालकांनी त्याच फेरीत खाली एक कॉक बसवून घेतला.

हुरडा_पार्टी

एवढं मिनतवाऱ्या करत पत्र कशाला लिहायचं? कायदाच आहे ना. पंधरा दिवसांची नोटीस द्यायची, नाही केलं तर आपण करून घ्यायचं आणि भाड्यातून कापायचं. मी तसंच केलं. मालक कुरकुरला, पण गप्प बसला.

कोर्टाजवळचा_टायपिस्ट

कायदा आहे, पण तुम्ही अर्धाच सांगितलात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 मधलं कलम 14 हे. वेगळा करार नसेल तर दुरुस्ती मालकाकडे. भाडेकरूने किमान 15 दिवसांची नोटीस द्यायची, त्यानंतर वाजवी वेळेत काम झालं नाही तर स्वतः करून भाड्यातून वळतं करता येतं. पण एका वर्षात वळती रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त असू शकत नाही. नळ-खिडकीला तेवढं लागत नाही, ते सोडा.

'वेगळा करार नसेल तर' हे शब्द मात्र नीट वाचा. आणि आज बहुतेकांच्या हातात असतो तो अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्सचा कागद. त्यात राहणारा लायसन्सी असतो, भाडेकरू नाही, म्हणून कलम 14 चं हत्यार त्याला तसंच्या तसं उचलता येत नाही. त्या कागदात किरकोळ दुरुस्ती राहणाऱ्याने करायची असं कलम बहुधा असतंच. पत्र लिहिण्याआधी ते शोधा. तिथं फक्त 'किरकोळ' असेल आणि काय किरकोळ ते लिहिलं नसेल, तर वायसर तुमचा आणि नळ मालकाचा, अशी वाटणी पत्रातच सुचवा. माझ्यासमोर टाइप झालेल्या पत्रांत हीच वाटणी मालकांना पटलेली जास्त पाहिली आहे.

हुरडा_पार्टी

माझाही अकरा महिन्यांचाच आहे. मग मी कापलं ते चुकलं का?

कोर्टाजवळचा_टायपिस्ट

मालकांनी पैसे कापलेले मान्य केलेत का, ते बघा. मान्य असेल तर दोन ओळी लिहून घ्या. नसेल तर डिपॉझिट परत घेताना तो विषय निघेल. कागद वाचल्याशिवाय याहून जास्त सांगणार नाही.

साखरपेठी

मी घरमालकीण आहे, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहिते. आमच्या जुन्या घरात वर दोन खोल्या भाड्याने आहेत. खिडक्या सागवानी. उन्हाळ्यात लाकूड आकसतं, काच पक्की करायला कडेनं भरलेली लांबी वाळून गळते आणि काच चौकटीत हलायला लागते. भाडेकरू रात्री साडेअकराला फोन करून 'काकू, ऐका आवाज' म्हणायचे. रात्री साडेअकराला मी काय करणार? सकाळी सुताराला घेऊन गेले तर ते कामावर, कुलूप लावलेलं. असं दोनदा झालं. सुतार तिसऱ्यांदा येईना.

मग त्यांच्या बायकोनं चिठ्ठी दिली. 'रस्त्याकडच्या खिडकीची उजवी काच, खालची लांबी निघाली आहे. शनिवारी मी घरी आहे.' इतकंच. शनिवारी काम झालं. आम्हाला त्रास द्यायचा नसतो, पण दार कोण उघडणार, ते आधी कळलं पाहिजे.

हॉस्टेलबाहेरचा

मी शिकायला आहे, अशोक चौकाकडे रूम आहे. मालकीणबाई तेलुगू बोलतात, मराठी समजतं पण वाचत नाहीत. माझी दोन मराठी पत्रं टीव्हीवर पडून होती. वर्गातल्या मित्रानं तेच तेलुगूत लिहून दिलं आणि वाचूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, 'हे आधी का नाही सांगितलं रे बाळा.' दुसऱ्या दिवशी खिडकीला नवी बिजागरी आणि हूक. पण आता वारा वाढला की वरचा कोपरा परत वाजतो. तिसरं पत्र लिहू का, की तोंडानं सांगू?

निवृत्त_फिटर

आधी तो कोपरा हातानं दाबून बघा आणि थांबतो का सांगा. थांबत असेल तर खालचा हूक ओढून धरतो आणि वर कडी नाही, असं दिसतं. वर एक छोटी कडी मागा.

पाच_मिनिटं_झोप

माझा अनुभव चांगला नाही. नर्स आहे, रात्रपाळी, त्यामुळे दिवसा झोपते. किचनचा नळ स्टीलच्या सिंकमध्ये ठिबकतो, टप टप टप. पत्र दिलं, पोचपावतीसह पोस्टानं दिलं, फोटो दिले. मालक म्हणतात, 'दिवसा कोण झोपतं?' दोन महिने झाले.

तोपर्यंत नळाच्या तोंडाला सुती दोरा बांधून खाली सिंकपर्यंत सोडला आहे, थेंब दोऱ्यावरून उतरतो. कुठंतरी वाचलं होतं की केंब्रिजच्या अभ्यासकांनी 2018 मध्ये दाखवलं, टपकन आवाज थेंब आपटण्याचा नसतो, पाण्याखाली अडकलेल्या हवेच्या बुडबुड्याचा असतो, आणि भांड्यातल्या पाण्यात भांडी घासायचा साबण टाकला की तो बंद होतो. मी थेंबाखाली पातेलं ठेवून करून पाहिलं. खरंच बंद होतो. पण पातेलं भरलं की पुन्हा उठायचंच.

आषाढवारा

ताई, पत्रात पाळीच्या वेळा लिहिल्या होत्या का? 'सकाळी 9 ते दुपारी 3 ही माझी झोपेची वेळ' असं? आणि फिटर काका म्हणाले तसं पातेलं मोजून?

पाच_मिनिटं_झोप

नाही, फक्त 'झोप मोडते' लिहिलं होतं. पातेलं आज लावते. उद्या सकाळी आकडा टाकते.