मदत हवी आहे: 'अगदी विकतच्यासारखे' याला उत्तर काय द्यायचं?

गणपतीला मुलुंडच्या घरी पहिल्यांदाच मी एकटीने एकवीस उकडीचे मोदक केले. साचा नाही, सगळ्या कळ्या हाताने. फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, तर मोठ्या जाऊबाईंनी लिहिलं, "वा! अगदी विकतच्यासारखे दिसतायत!" पुढे डोळा मारणारी स्मायली.

आता हे कौतुक म्हणायचं की 'दादरहून आणलेस ना' असा टोमणा? समोर बोलल्या असत्या तर सुरावरून कळलं असतं. गेल्या वर्षी माझ्या चकल्यांना मात्र त्या मनापासून छान म्हणाल्या होत्या, डबा भरून घेऊनही गेल्या. म्हणून लगेच वाकडा अर्थ काढायलाही मन होत नाही.

"विकत नाही हो, हातचेच आहेत" लिहिलं तर सफाई दिल्यासारखं वाटतं. नुसतं "थँक्यू" म्हटलं तर विकतचे आहेत हे कबूल केल्यासारखं! "थँक्यू वहिनी, दोन फुटलेले आम्ही आधीच खाल्ले, फोटोत नाहीत" असं लिहू का? कौतुक असेल तर हसतील, टोमणा असेल तर उत्तरही मिळेल. की यातही खोच दिसते? सासूबाईही त्याच ग्रुपवर आहेत. निळ्या टिका उमटून दोन तास झालेत, लवकर सांगा.