मदत हवी आहे: आजारपणात लेक्चर बुडाली, असाइनमेंटला मुदत मागायची आहे, सरांना मेल कसा लिहू?

कोरी वही
मला कांजिण्या झाल्या होत्या. १ तारखेला अंगावर पुरळ आलं आणि डॉक्टरांनी सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घराबाहेर पडायचं नाही म्हणून बजावलं. १० तारखेपर्यंत घरीच होतो, आज ११ ला कॉलेजला गेलो. मधल्या काळात डेटाबेसची चार लेक्चर बुडाली. असाइनमेंट शुक्रवारी, १४ ला द्यायची आहे. वीस मार्कांची आहे आणि ते मार्क इंटर्नलला धरतात.

सर कडक आहेत, पण वाईट नाहीत. त्यांना मेल करायचाय. दोन तास बसून हे लिहिलंय:

> आदरणीय सर,
> सविनय नमस्कार. मी आपला नम्र विद्यार्थी असून कळविण्यास अत्यंत खेद वाटतो की प्रकृती अस्वास्थ्यामुळे मी गेले काही दिवस वर्गात उपस्थित राहू शकलो नाही. माझी प्रकृती फारच खालावली होती, ताप उतरतच नव्हता, झोप लागत नव्हती व संपूर्ण अंगावर असह्य खाज होती. त्यामुळे मला असाइनमेंट पूर्ण करणे शक्य झाले नाही. तरी कृपाळू होऊन मला थोडी मुदत वाढवून द्यावी ही नम्र विनंती. आपण नक्कीच समजून घ्याल अशी आशा आहे.
> आपला आज्ञाधारक विद्यार्थी

बरोबर आहे का? काही राहिलंय का?

शेवटचा बाक
काही घाबरू नकोस. डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोड आणि पाठव. सर्टिफिकेट असलं की सर नाही म्हणूच शकत नाहीत, तो तुझा हक्क आहे. आमच्या वेळी सगळे असंच करायचे. आणि हो, हातात जेवढं आहे तेवढं आजच पोर्टलवर सबमिट करून टाक, म्हणजे लेट दिसणार नाही.

दोन मांजरी
अरे बापरे, मोठेपणी कांजिण्या म्हणजे हालच. मला ग्रुप प्रोजेक्टच्या वेळी ताप आला होता तर ग्रुपमधल्या चौघांनी माझं नाव पहिल्या पानावरून काढलं. मी मॅडमना मेल केला तर त्या म्हणाल्या तुम्ही आपसात मिटवा. आपसात काय मिटवणार, ते फोनच उचलत नव्हते! असो. तुझं एकट्याचं आहे ते बरंय.

पावसाळी
फेरपरीक्षेसाठी अर्ज परीक्षा विभागात द्यायचा असतो, सरांना मेल करून उपयोग नाही. छापील फॉर्म असतो.

कोरी वही
@पावसाळी, परीक्षा नाही हो, असाइनमेंट आहे. परीक्षा अजून लांब आहे.

खडूची धूळ
मी शिकवते. असे मेल प्रत्येक सत्रात बरेच येतात, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून सांगते.

तुझा मसुदा शाळेत पाठ केलेल्या रजेच्या अर्जासारखा झालाय. 'कृपाळू होऊन' वगैरेला माझी हरकत नाही, अडचण निराळीच आहे. हा मेल वाचून मला काहीच ठरवता येत नाही. तू कोण, कुठल्या वर्गातला, कुठली असाइनमेंट, किती लेक्चर बुडाली, किती काम झालंय, किती दिवस हवेत, यातलं एकही त्यात नाही. 'काही दिवस' आणि 'थोडी मुदत'. मग मला उलट मेल करून चार प्रश्न विचारावे लागतात, आणि एकशे वीस मुलांच्या वर्गात असा मेल 'नंतर बघू' म्हणून बाजूला पडतो. तोपर्यंत शुक्रवार येतो.

उलट जे नको ते भरपूर आहे. खाज किती होती हे मला कळायला नकोय. आजार एका वाक्यात, तारखा एका वाक्यात, सर्टिफिकेट सोबत. तेवढं पुरतं.

@शेवटचा बाक, सर्टिफिकेटचं तुम्ही म्हणता ते अर्धंच खरं आहे. त्याचा उपयोग मुख्यतः हजेरीसाठी. तो माणूस त्या दिवसांत येऊ शकत नव्हता एवढंच ते सांगतं. असाइनमेंटला किती दिवस वाढवायचे हे बहुतेक ठिकाणी शिकवणाऱ्याच्या हातात असतं. हक्क म्हणून मागितलं तर शिक्षक नियमाचं पुस्तक उघडतात, आणि त्या पुस्तकात विद्यार्थ्याच्या बाजूचं फार काही सापडत नाही.

आता तू मला तीन गोष्टी सांग. असाइनमेंटमध्ये काय काय आहे? त्यातलं किती झालंय? आणि सर त्याची उत्तरं वर्गात कधी सोडवून दाखवणार आहेत?

कोरी वही
तीन प्रश्न आहेत मॅडम. पहिला ईआर आकृतीचा, तो पुरळ यायच्या आधीच झाला होता. दुसरा क्वेरी लिहायचा, आठपैकी पाच झाल्यात. तिसरा नॉर्मलायझेशनचा, त्याला हातच लावलेला नाही कारण ते ५ आणि ७ तारखेच्या लेक्चरला शिकवलं. मित्राकडून नोट्स आणल्यात पण दुसऱ्याच्या अक्षरातल्या नोट्स म्हणजे कोडंच. उत्तरं कधी सोडवणार ते माहीत नाही. त्याचा काय संबंध?

खडूची धूळ
सगळा संबंध तिथेच आहे. सर कडक आहेत म्हणून मुदत मिळत नाही असं मुलांना वाटतं. प्रत्यक्षात शिक्षकाचा हात दोन ठिकाणी अडकतो. एक, ज्या दिवशी मी उत्तर फळ्यावर सोडवलं त्यानंतर तोच प्रश्न कुणाकडून घेता येत नाही, घेतला तर बाकीच्यांवर अन्याय. दुसरं, इंटर्नल मार्क ठरलेल्या तारखेला वर द्यावे लागतात. या दोन तारखांच्या अलीकडे जागा असली तर बहुतेक शिक्षक देतात. पलीकडचं मागितलं तर तू कितीही आजारी असलास तरी नाहीच म्हणावं लागतं. म्हणून मागताना तारीख तू सुचव, पण उत्तरांच्या चर्चेचा उल्लेख स्वतःच कर.

तुझं काम पाहता पहिला प्रश्न तयार, दुसऱ्याला एक संध्याकाळ, तिसऱ्याला आधी दोन लेक्चर समजून घेणं आणि मग सोडवणं. शनिवार-रविवार धरून मंगळवार १८ ठीक आहे. दोन आठवडे मागू नकोस. दहा दिवस आजारी म्हणून दहा दिवस वाढवा, असा हिशोब मुलं करतात. तो पटत नाही, कारण असाइनमेंट त्याच्याही आधी दिलेली असते.

असं काहीतरी लिही:

> विषय: डेटाबेस असाइनमेंट २, मुदतवाढीची विनंती, रोल नंबर ३७
>
> सर, नमस्कार.
> मी दुसऱ्या वर्षातला, रोल नंबर ३७. कांजिण्यांमुळे मी १ ते १० तारखेपर्यंत घरी होतो आणि ३, ५, ७, १० या दिवशीची आपली चार लेक्चर बुडाली. डॉक्टरांचं सर्टिफिकेट सोबत जोडलं आहे.
> शुक्रवारी १४ ला द्यायच्या असाइनमेंटमधला पहिला प्रश्न पूर्ण आहे आणि दुसऱ्यातल्या पाच क्वेरी झाल्या आहेत. तिसरा प्रश्न बुडालेल्या लेक्चरवर असल्याने तो राहिला आहे. ती लेक्चर मी मित्राच्या नोट्सवरून भरून काढतो आहे.
> मंगळवार १८ पर्यंत मुदत मिळू शकेल का? त्याआधी वर्गात उत्तरांची चर्चा होणार असेल तर त्याच्या अलीकडची जी तारीख आपल्याला सोयीची असेल ती चालेल.
> आपला,
> (पूर्ण नाव)

आज रात्रीच पाठव. शुक्रवारी रात्री अकराला आलेला मेल आणि मंगळवारी आलेला मेल यांत मजकूर शब्दन् शब्द तोच असला तरी मला ते दोन वेगळे विद्यार्थी वाटतात.

शेवटचा बाक
हक्काचं मागे घेतो. पण आजाराचं नाव कशाला? खाजगी गोष्ट आहे. नुसतं 'आजारपण' लिहिलं तरी चालतं.

खडूची धूळ
चालतं. कांजिण्या, डेंग्यू असं काही असेल तर लिहून मोकळं व्हावं असं माझं मत. पण सांगायला नको वाटेल असा आजार असेल तर नुसतं 'आजारपण' आणि तारखा पुरेत. सर्टिफिकेटवर निदान लिहिलेलं असतं ही अडचण आहेच, आणि ते कुणाकुणाच्या नजरेखालून जातं ते विद्यार्थ्याच्या हातात नसतं. त्यावर माझ्याकडे चांगला उपाय नाही.

रात्रपाळी
मी कॉलेजचं पोर्टल सांभाळतो, म्हणून एकच भर. तुमचं पोर्टल मूडल असेल तर सरांनी मेलमध्ये 'हो' म्हटलं तरी पोर्टलला ते आपोआप कळत नाही. तिथे `Due date` वेगळी आणि `Cut-off date` वेगळी. पहिली उलटली की सबमिशन लेट म्हणून दिसतं, दुसरी उलटली की घेतलंच जात नाही. सरांना तुझ्या नावासमोर `Grant extension` करावं लागतं. ते केलं की तुझ्या असाइनमेंटच्या पानावर `Extension due date` अशी ओळ दिसते. ती दिसेपर्यंत झालं असं समजू नकोस. सर मेलला हो म्हणतात, पोर्टलवर करायचं राहून जातं, आणि सोमवारी पहाटे मुलं मला मेल करतात.

आणि अर्धवट काम आजच सबमिट करण्याबद्दल: फाईल चढवून ड्राफ्ट ठेवायला हरकत नाही, पण `Submit assignment` बटण दिसत असेल तर ते दाबू नकोस. दाबलं की फाईल बदलता येत नाही, मग सरांनाच ती परत ड्राफ्टला टाकावी लागते.

दोन मांजरी
हे बटण मी दाबलं होतं. पहिल्या पानावर नाव नसलेल्या प्रोजेक्टवर.

कोरी वही
काल रात्री साडेनऊला मेल पाठवला, मॅडमनी दिला तसाच, फक्त शेवटी 'आपला आज्ञाधारक' ठेवलं, राहवलं नाही. आज दुपारी उत्तर आलं, जसंच्या तसं देतो:

> सोमवारी १७ ला लेक्चरमध्ये तिसरा प्रश्न सोडवणार आहे. सकाळी ९ पर्यंत दे. नॉर्मलायझेशनचं अडलं तर गुरुवारी तीननंतर केबिनमध्ये ये, वही घेऊन.

म्हणजे मंगळवार नाही, सोमवार सकाळ. पोर्टलवर अजून १४ च दिसतेय.

रात्रपाळी
त्याच मेलला उत्तर दे: 'धन्यवाद सर, सोमवारी ९ पर्यंत देतो. पोर्टलवर अजून १४ तारीख दिसते आहे, तेवढी वाढवाल का?' नवा मेल लिहू नकोस, जुन्यातच लिही, म्हणजे त्यांना त्यांचंच वाक्य खाली दिसेल.

खडूची धूळ
आणि गुरुवारी नक्की जा. जाण्याआधी तिसरा प्रश्न निदान एकदा करून बघ. टेबल कुठे फोडायचं ते कळत नसेल तर जिथे अडलास तिथे पेन्सिलीने खूण कर. कोरी वही घेऊन गेलास तर सर पुन्हा लेक्चर देणार नाहीत.

कोरी वही
माझं नाव बदलायला हवं मग. 😅 पोर्टलवर आत्ता ओळ आली, १७ तारीख, ९:००. हजेरीचं अजून कुणी काही सांगितलेलं नाही. सर्टिफिकेट ऑफिसात वेगळं द्यायचं का?

पावसाळी
हजेरीसाठी छापील फॉर्म असतो. मी आधीच सांगितलं होतं.