सवाईहून परतताना शेअर कॅब: शेवटी कोणी उतरायचं?

बाणेर_मी: शनिवारी पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव रात्री बारापर्यंत चालला. मेट्रो तोवर बंद झालेली. मुकुंदनगरला फाटकाबाहेर आम्ही चौघं जमलो. ओळख एवढीच की तीन दिवस शेजारी शेजारी बसत होतो. एक सिंहगड रोडवर आनंदनगरच्या काकू, एक डहाणूकर कॉलनीतले, एक बावधनचे आणि मी बाणेरची. गाडी डहाणूकरवाल्यांनी त्यांच्या फोनवरून बोलावली आणि ते वाटेत उतरून गेले. शेवटी मी एकटी, रात्री सव्वा वाजता. भाडं ६०० झालं, ते प्रत्येकी १५० असं वाटलं. घरी पोचले सुखरूप, पण मनातून जात नाही. क्रम कसा ठरवायला हवा होता?

कर्वेरोडकर: जवळचा आधी, लांबचा शेवटी. यात वाद घालायला जागाच नाही. तुम्हाला सगळ्यात आधी सोडायचं म्हटलं तर गाडी विद्यापीठ चौकातून बाणेरला जाणार, तिथून उलट बावधन, मग डहाणूकर, आणि आनंदनगरच्या काकू दीड वाजून गेल्यावर घरी. त्यांचं घर मंडपापासून सहा किलोमीटरवर आहे. त्यांनी का फिरायचं गावभर? गाडी एक, माणसं चार, भाग चार. हिशोब जितका सोपा तितके वाद कमी. यात बाई-पुरुष आणायची गरज नाही.

रात्रपाळी_रोस्टर: मी नऊ वर्षं हिंजवडीतल्या एका कंपनीच्या ट्रान्सपोर्ट डेस्कवर होते. रोज रात्री हेच काम: कोणत्या गाडीत कोण बसणार आणि कोण कुठल्या क्रमाने उतरणार. कर्वेरोडकर क्रमाबद्दल बरेचसे बरोबर आहेत, भाड्याबद्दल नाहीत. आणि मूळ चूक या दोन्हींत नाही, ती बुकिंगमध्ये आहे.

ज्याच्या फोनवर गाडी, त्याने सगळ्यात शेवटी उतरावं. ओटीपी त्याच्याकडे असतो, ड्रायव्हरचा फोन त्याला येतो, प्रवास घरच्यांना नकाशावर दाखवायची लिंक त्याच्या ॲपमधून जाते, आणि काही झालं तर मदतीचं बटणही त्याच्याच ॲपमध्ये. तो डहाणूकरला उतरला की उरलेल्या माणसांच्या हातात यातलं काहीच राहत नाही. तुम्ही बावधनच्या पुढे होता तेव्हा तुमची गाडी कुठे आहे हे बघू शकणारा माणूस कदाचित झोपला होता. गाडी तुमच्या फोनवरून यायला हवी होती, तीन थांबे आणि शेवटचं ठिकाण बाणेर, सगळं आधीच टाकून. वाटेत थांबा वाढवला की भाडं बदलतं आणि वाद तिथेच सुरू होतो.

आता पैसे. टप्प्याटप्प्याने वाटावेत असं काही जण म्हणतील, म्हणजे गाडीत जेवढे असतील त्यांनी तो टप्पा वाटून घ्यायचा. तुमच्या वाटेवर ते करून बघा. अंतर साधारण ६, मग ५, मग ५, मग ८ किलोमीटर, आणि भाडं किलोमीटरला २५ धरू. काकूंना ३७-३८ रुपये, डहाणूकरला ७९, बावधनला १४२ आणि तुम्हाला ३४२. तुम्ही एकट्याने विद्यापीठावरून सरळ गेला असता तर १४ किलोमीटरचे ३५० लागले असते. म्हणजे आठ रुपये वाचवायला पाऊण तास जास्त फिरायचं.

आमच्याकडे लोक आपसात गाडी करायचे तेव्हा वेगळं करत. बुकिंगआधी प्रत्येकाने आपल्या घरापर्यंतचं एकट्याचं भाडं ॲपवर बघायचं आणि एकूण त्या प्रमाणात वाटायचं. इथे एकट्याची भाडी १५०, २२५, ३२५, ३५०, बेरीज १०५०. प्रत्यक्ष लागले ६००. मग वाटे होतात साधारण ८५, १३०, १८५ आणि २००. प्रत्येकाला एकट्याच्या भाड्याच्या जेमतेम ५७ टक्के पडले. तुमच्या १५०-१५० मध्ये काकूंनी एकटीच्या गाडीएवढे पैसे देऊन गर्दीत प्रवास केला, त्यांचा काय फायदा झाला?

आनंदनगरी: बरं झालं कोणीतरी बोललं. त्या काकू मी नव्हे, पण राहते तिथेच. आमच्याकडे आत वळायचं म्हणजे राजाराम पुलापुढे जाऊन परत पुलाकडे यायचं. रात्री मी सरळ पुलाच्या चौकात उतरते आणि मुलगा स्कूटर घेऊन येतो. बाकीच्यांचे तीन-चार किलोमीटर वाचतात.

कर्वेरोडकर: बुकिंगचा मुद्दा मान्य, माझ्या डोक्यात आला नव्हता. प्रमाणात वाटण्याचं मात्र रात्री बारा वाजता फाटकावर कोण करणार? थंडीत उभं राहून चौघं ॲप उघडून बसणार?

रात्रपाळी_रोस्टर: दोन मिनिटं लागतात, आणि मध्यांतरातच करून ठेवायला कोण नको म्हणतं? कोण कुठे जाणार हे मध्यांतरातच कळतं.

डोंबिवलीचा_रसिक: आमच्याकडे स्टेशनवरून शेअर रिक्षा सुटते, तिला ठरलेला रस्ता आणि ठरलेलं भाडं. कोणी कुठे उतरायचं हा प्रश्नच येत नाही. सवाईहून अशी का नाही?

बाणेर_मी: दादा, ती स्टँडवरून सुटणारी. ही आम्ही चौघांनी जमवलेली. प्रश्न वेगळा आहे.

स्टिअरिंगवाला: मी गाडी चालवतो, सवाईच्या दिवसांत रात्री तिथेच असतो. आमचं म्हणणं एकच, गाडीत बसल्यावर क्रम बदलू नका. एकदा दांडेकर पुलावर सांगितलं म्हात्रे पुलावरून घ्या, पुढे सांगितलं नको, आधी सिंहगड रोड. ॲप वेगळंच दाखवतंय, मी कोणाचं ऐकू? चांदणी चौकात तर बावधनचा रॅम्प चुकला की गाडी थेट महामार्गावर, मागे यायला मोठा वळसा. बाणेरला महामार्गाने जायचं की पाषाणवरून, हे पण आधीच सांगा. रात्री मी पाषाणवरूनच नेतो, दिवे आहेत.

सायली_हडपसर: बाईला शेवटी उतरवायचंच कशाला? कंपनीच्या गाड्यांत बाई शेवटी राहिली तर गार्ड बसवतात ना?

रात्रपाळी_रोस्टर: बसवतात, आणि इथे गार्ड नाही, म्हणून बावधनच्या माणसाला शेवटी ठेवता येतं. डहाणूकरहून महामार्गाने आधी बाणेर, मग परत बावधन. एकूण २४ ऐवजी २९ किलोमीटर, म्हणजे सव्वाशे रुपये जास्त. ते चौघांनी वाटले तर माणशी तीस-एकतीस. पण बावधनवाल्यांना वीस मिनिटं उशिरा घरी जायला लागतं, ते त्यांनी फाटकावर स्वतःहून मान्य करायला हवं. गाडीत बसल्यावर विचारलं तर कोणी नाही म्हणू शकत नाही, आणि असा होकार मला नको वाटतो.

मध्यलय: इथे माझं वेगळं मत आहे. बावधनचा माणूस माझा नातलग नाही. ड्रायव्हरचं नाव, गाडीचा नंबर ॲपवर नोंदलेला असतो, सहप्रवाशाचं काहीच नसतं. त्याच्यासमोर मी माझ्या सोसायटीच्या गेटवर उतरायचं आणि तो खिडकीतून बघणार? मला शेवटी एकटीच उतरायचं आहे, फोन माझा, लिंक बहिणीला गेलेली. सगळ्या बायकांचं एकच मत धरून चालू नका.

सायली_हडपसर: तीन दिवस शेजारी बसलेल्या माणसावर एवढा संशय?

मध्यलय: संशय नाही. त्याच्याबद्दल मला काही माहीत नाही, एवढंच.

बाणेर_मी: मला दोघींचं पटतंय, त्यामुळे पुढच्या वेळी काय करेन हे अजून ठरत नाही. गाडी मात्र माझ्या फोनवरून येणार. आणि काकूंना मी आज फोन केला, ६५ रुपये परत पाठवते म्हटलं. त्या घेईनात. म्हणाल्या, पुढच्या वर्षी मी राजाराम पुलालाच उतरते.