मदत हवी आहे: भरतकामाच्या फाइलच्या परवान्याची ओळ कशी लिहू?

मी मशीन एम्ब्रॉयडरीची डिझाइन्स स्वतः काढून ऑनलाइन विकते. सध्याचं डिझाइन ब्लाउजच्या बाहीवरचा मोर आहे, 96 × 88 मिमी, म्हणजे 100 × 100 च्या फ्रेममध्ये बसणारा. पैसे भरले की एक ZIP उतरते. तिच्यात DST, PES, JEF आणि धाग्यांच्या रंगक्रमाची PDF असते. ही PDF हवीच, कारण DST मध्ये धाग्यांचे खरे रंग साठवलेलेच नसतात. मशीनवर मोर भलत्याच रंगांत दिसतो आणि ग्राहकाला फाइल बिघडली असं वाटतं.

"तयार पॅच कधी येणार?" असं दोघींनी विचारलं, तेव्हा वर्णनाची पहिलीच ओळ "ही फक्त फाइल आहे, घरी काहीही येणार नाही" अशी केली. आकार दहा टक्क्यांहून जास्त बदलू नका, टाके दाटतात किंवा विरळ होतात, हेही लिहिलं. त्यानंतर असे प्रश्न थांबले.

अडलंय ते परवान्यावर. आत्ता लिहिलंय: "भरलेले कपडे विकू शकता, फाइल विकू किंवा कुणाला देऊ नये." पण माझ्या बऱ्याच ग्राहकांकडे मशीनच नाही. त्या पेनड्राइव्ह घेऊन जॉबवर्कवाल्याकडे जातात, म्हणजे माझा नियम पहिल्याच दिवशी मोडतो. शिवाय फाइल त्याच्या मशीनमध्ये राहते आणि तोच मोर दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या ब्लाउजवर उमटतो.

जॉबवर्कला परवानगी द्यायची आहे, पण फक्त त्या ग्राहकाच्या कामापुरती. वकिली भाषा नको, दोन ओळींत मावायला हवं. तुम्ही हे नेमक्या कोणत्या शब्दांत लिहिता?