सामाईक प्रिंटर अडकतो, रॅम वाढवू की एसएसडी घेऊ? बजेट ३०००

सीए_ऑफिस_सांगली: चार पीसी, एकच लेझर प्रिंटर, तो माझ्या विंडोज पीसीला यूएसबीने जोडून शेअर केलाय. कुणी ८० पानी स्कॅन पीडीएफ सोडली की बाकीच्यांचं एक पानी चलनही अर्धा तास लटकतं. दुकानदार म्हणतो बफर कमी पडतोय, प्रिंटरची रॅम वाढवा. भाचा म्हणतो कॅशेसाठी एसएसडी घाला. काय घेऊ?

बापू_७२: सरळ नेटवर्कवाला प्रिंटर घ्या, मी २६ हजारांत घेतला, तीन वर्षांत एकदाही बोंब नाही.

मृण्मयी: बजेट ३००० लिहिलंय हो.

टोनर_किंग: रॅमच. माझ्याकडे वाढवल्यावर नकाशे सुसाट निघायला लागले. आणि स्पूल म्हणजे तरी काय, डिस्कवरचा मोठा बफरच.

जुना_अॅडमिन: अर्धं बरोबर आहे. बफर एकाच कामाचा थोडासा माल धरतो, देणारा आणि घेणारा यांचा वेग जुळत नाही म्हणून. स्पूलमध्ये प्रत्येकाचं काम वेगळ्या फाइलीत जातं, कारण प्रिंटरला दोघांची पानं आलटून पालटून छापता येत नाहीत. आमच्याकडे एकदा वीज गेली, पीसी यूपीएसवर होता, प्रिंटर नव्हता. प्रिंटरच्या पोटातली अर्धी पानं गेली, पण `C:\Windows\System32\spool\PRINTERS` मधल्या फाइली जशाच्या तशा होत्या. आणि कॅशे म्हणजे ज्याचं मूळ दुसरीकडे आहे त्याची हाताशी ठेवलेली प्रत, ती उडाली तर नुकसान काही नाही, फक्त पुढच्या वेळी उशीर होतो.

आता तुमचं. मोठं काम चालू असताना क्यूच्या खिडकीत `Size` बघा, दुसरा आकडा वाढतोय का? आणि प्रिंटर एक पान काढून थांबतोय का?

सीए_ऑफिस_सांगली: हो, दोन्ही! एक पान, मग नुसता दिवा लुकलुकतो.

जुना_अॅडमिन: मग प्रिंटर उपाशी आहे. पुढचं पानच आलेलं नाही, रॅम वाढवून त्यात घालणार काय? पहिलं पान येताच प्रिंटर अडवला जातोय. तुमच्या पीसीवर प्रिंटरच्या `Advanced` टॅबमध्ये `Start printing after last page is spooled` निवडा, खालचं `Print spooled documents first` पण टिक करा. मोठी फाइल गोळा होत असताना चलन पुढे निघून जाईल. पण ८० पानं एकदा छपाईला लागली की ती मध्ये तुटणार नाहीत, तेवढं थांबावंच लागेल.

टोनर_किंग: प्रिंटर रॅममध्ये फाँट ठेवतो ते मग कॅशेच ना?

मृण्मयी: फाइलीबरोबर आलेला फाँट असेल तर हो, चिपमध्ये कायमचा बसवलेला असेल तर नाही म्हणेन मी.

टोनर_किंग: पटलं नाही.

बापू_७२: नेटवर्कवाला घ्या, परत सांगतो.

सीए_ऑफिस_सांगली: सेटिंग केलं, चलन ४० सेकंदांत हातात. तरी ३१ जुलै तोंडावर आहे आणि ८० पानं चालू झाली की थांबणं आलंच, म्हणून ओळखीतला जुना प्रिंटर २८०० ला उचलला, चलनांसाठी वेगळा. रॅम नाही, एसएसडी नाही.