मदत हवी आहे: वजीर विरुद्ध हत्ती, जिंकता येईना. नेमकं काय करायचं?

डिचोलीकर
रविवारी पणजीत स्पर्धा होती. माझ्याकडे वजीर, समोरच्याकडे हत्ती. पुस्तकात सरळ लिहिलंय की वजीर जिंकतो. शह देत राहिलो, राजा जवळ आणला, सगळं केलं. त्याने पन्नास चालींचा नियम सांगून ड्रॉ मागितला आणि आर्बिटरने दिला. पुढच्या शनिवारी परत खेळायचंय. जिंकायची पद्धत सांगा. थिअरीचे दुवे नकोत, वेळ नाही.

मडगावचा प्यादा
सोपं आहे. राजा पटाच्या कडेला ढकलायचा, हत्तीला राजापासून दूर जायला लावायचं, मग तिरक्या शहात हत्ती उचलायचा. फिलिडोरची स्थिती पाठ कर. मी ती ऑनलाइन दहा सेकंदांत खेळतो.

आबा, फोंडा
जरा थांबा रे. पन्नास चाली हत्तीने एकट्याने टिकाव धरला? डिचोलीकर, त्याचं एकही प्यादं नव्हतं का?

डिचोलीकर
एक होतं. पण ते पुढे येतच नव्हतं, त्याने काय फरक पडतो?

आबा, फोंडा
सगळा फरक त्यानेच पडतो. कुठे होतं? आणि हत्ती कुठे फिरत होता?

डिचोलीकर
जी७ वर. काळा तो. राजा जी८, एच७ असा हलायचा. हत्ती एफ६ वरून एच६, परत एफ६. कंटाळा आला बघून.

आबा, फोंडा
मग आर्बिटरने बरोबर केलं, आणि तुझ्या त्या प्रतिस्पर्ध्यानेही. हा किल्ला फुटत नाही. हत्तीला प्याद्याचा आधार, प्याद्याला राजाचा. वजीर हत्तीवर हल्ला करतो, पण खाऊ शकत नाही, कारण प्यादं वजीर घेतं. एकट्या वजिराने मात होत नाही, तुझा राजा आत यायला हवा. एफ६ वरचा हत्ती एफ पट्टी अडवतो आणि डावीकडची सगळी सहावी ओळही. एच६ वर गेला की एफ पट्टी उघडते, पण सहावी ओळ तरी बंदच. तुझा राजा सातव्या ओळीवर पोचणार कुठून? आणि चालीची कोंडी करावी म्हटलं तर त्याच्याकडे हत्तीची चाल नेहमी शिल्लक असते.

ही स्थिती टेबलबेसला घालून बघ, पाचच मोहरे आहेत:

```
6k1/3Q2p1/5r2/8/4K3/8/8/8 w - - 0 1
```

नुसतं इंजिन तुला मोठा फायदा दाखवत राहील. तो आकडा कितीही चाली झाल्या तरी जागचा हलत नाही, तीच किल्ल्याची खूण.

मडगावचा प्यादा
आबा, मग वजीर देऊन टाकायचा ना! वजीर घेतो एफ६, प्यादं घेतं, आणि राजा-प्याद्यांचा खेळ जिंकायचा. मी असं करून जिंकलोय.

आबा, फोंडा
तुझ्याकडे तेव्हा प्यादी उरली असणार. याच्याकडे काय उरतं? एकटा राजा, आणि समोर एफ६ वर प्यादं. तू त्याला हरायला सांगतोयस.

रुद्रची आई
माझ्या मुलाचंही अगदी असंच झालं, म्हणून लिहिते. त्याच्याकडे उंट आणि एच पट्टीतलं प्यादं होतं, समोर फक्त राजा. तो राजा एच८ च्या कोपऱ्यात बसून राहिला. मुलगा रडत घरी आला. सर म्हणाले की उंट दुसऱ्या रंगाचा हवा होता. तुमच्याकडे उंट कोणत्या रंगाचा आहे?

डिचोलीकर
ताई, माझ्याकडे उंटच नाही. वजीर आहे.

आबा, फोंडा
ताई, तुमचे सर बरोबर सांगतात. एच८ काळं घर, म्हणून पांढऱ्या घरांवरचा उंट असेल तर तो कोपरा कधीच सुटत नाही. रुद्रला सांगा, तो डाव त्याच्याऐवजी मी खेळलो असतो तरी ड्रॉच झाला असता.

सांखळी ६४
विषयांतर होतंय, पण २०२५ चा विश्वचषक गोव्यातच झाला तेव्हा मी दोन दिवस बघायला गेलो होतो. मोठे खेळाडू अशा स्थितीत लगेच हात मिळवतात. आपल्याकडे लोक घड्याळ संपेपर्यंत खेळतात.

मडगावचा प्यादा
खेळायलाच हवं! समोरचा चुकतो. हत्ती कुठेतरी भटकतो आणि डाव संपतो.

आबा, फोंडा
हे मात्र खरं. उदाहरणार्थ, त्याचा राजा जी८ वर असताना हत्ती डी६ वर गेला. तिथे कुणाचा आधार नाही. वजिराने बी८ वर शह दिला की राजा आणि हत्ती दोघेही एकदम सापडतात. म्हणून डिचोलीकर, तू त्याला पंधरा-वीस चाली खेळायला लावलंस तर त्यात अन्याय नाही. पण ज्याला 'एफ६, एच६' एवढंच माहीत आहे आणि ज्याच्या घड्याळात दर चालीला सेकंद वाढतात, त्याच्यापुढे काही होणार नाही.

डिचोलीकर
म्हणजे आधीच काहीतरी करायला हवं होतं? माझं एक जी प्यादं होतं. ते त्याच्या एच प्याद्याबरोबर बदललं गेलं. मोकळा वजीर पुरेसा वाटला.

आबा, फोंडा
हे आधी का नाही सांगितलंस? डाव तिथेच ठरला. जी५ वर तुझं प्यादं, मागे एफ४ वर राजाचा आधार, असं उभं करता आलं असतं तर एफ६ आणि एच६ दोन्ही घरांवर त्याचा मारा असता. हत्ती नेमका याच दोन घरांवर जगतो. समज, हटून तो जी६ वर बसला आणि राजा एच७ वर. आता त्याला जी७ चा आधार नाही, फक्त राजाचा. वजीर एच५ वर शह देतो. राजा जी८ ला गेला तर हत्ती पडला, हत्ती एच६ वर मध्ये घातला तर प्यादं खातं.

प्रत्येक वेळी ते तिथवर पोचेल असं नाही, तो वाटेत लढेलच. पण वजीर विरुद्ध हत्ती असताना आपलं शेवटचं प्यादं बदलण्याआधी एवढंच बघायचं: हत्ती ज्या घरांवर बसून राहतो, त्यांच्यावर हे प्यादं कधी मारा करू शकेल का? करू शकत असेल तर ते वजिराइतकंच जपायचं.

सांखळी ६४
आणि त्याचं प्यादं पुढे गेलेलं असेल तर? समजा डी६ वर, हत्ती ई५.

आबा, फोंडा
तो फिलिडोरचाच जुना अभ्यास आहे, आणि तिथे वजीर जिंकतो. प्यादं घरातून निघालं की मागे जागा होते, आणि आपल्या राजाला वळसा घालून पाठीमागून येता येतं. जी७ च्या मागे तशी जागाच नाही. मडगावच्या भावाने फिलिडोर पाठ केलाय, पण तो कोणत्या प्याद्यासाठी हे बघितलेलं नाही.

मडगावचा प्यादा
मी प्याद्याशिवायचा म्हणत होतो. तोही फिलिडोरचाच आहे.

डिचोलीकर
एक शेवटचं. जीऐवजी एच प्यादं राहिलं असतं तर? एच५ वर आणून एच६ ढकलायचं?

आबा, फोंडा
एफ६ वरचा हत्ती ते सरळ खातो आणि एच६ वर आरामात बसतो. वजीर देऊन बघितलास तर त्याचा राजा एच८ च्या कोपऱ्यात जातो, रुद्रच्या डावासारखा. मला तरी जिंकण्याची वाट दिसत नाही.

मडगावचा प्यादा
पण एच५ वर प्यादं असेल तर हत्तीला त्याच्यावर लक्ष ठेवावं लागेल ना? वजीर आणि राजा मिळून काहीतरी निघेल. मी आज रात्री पट मांडून बघतो.

आबा, फोंडा
बघ आणि चाली लिही. नुसतं 'काहीतरी निघेल' नको.