मदत हवी आहे: अगरबत्ती मशीन + बायबॅक, किलोला 40 रुपये मजुरी, हे खरं असू शकतं का?

काडीपेटी_२२:
नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. माझी जाऊ आणि मी मिळून घरी काहीतरी सुरू करायचा विचार करतोय, एका पार्टीने अगरबत्तीचं ऑटोमॅटिक मशीन दाखवलं, किंमत 1 लाख 65 हजार. कच्चा माल म्हणजे बांबू काडी आणि प्रिमिक्स तेच देणार, आपण कच्ची काडी करून वाळवून द्यायची, सेंट मारणं पॅकिंग वगैरे काही आपल्याकडे नाही. किलोला 40 रुपये मजुरी. त्यांचा माणूस म्हणतो दिवसाला 80 किलो आरामात निघतात म्हणजे महिन्याला 80 हजाराच्या वर. 11 महिन्यांचा करार स्टॅम्पपेपरवर. ज्यांनी घेतलंय अशा दोन बायकांचे नंबर पण दिले, त्यांच्याशी बोलले तर त्या खूश आहेत, पैसे आले म्हणाल्या. मिस्टर म्हणतात फ्रॉड आहे, पण का ते सांगता येत नाही त्यांना, नुसतं नाही नाही. कुणाला अनुभव आहे का?

रानफूल:
जीएसटी नंबर मागा. असेल तर जेन्युइन, नसेल तर सोडून द्या. उद्यम सर्टिफिकेट पण बघा.

जुना_कारखानदार:
रानफूल, नंबर असणं म्हणजे फक्त नोंदणी आहे एवढंच. उद्यम तर स्वतःच भरायचं असतं, फुकट, कुणीही काढतं. पण नंबर घ्याच, gst.gov.in वर सर्च टॅक्सपेयरमध्ये टाका आणि आत नीट बघा. नोंदणी कधीची आहे, रिटर्न भरलेत का, आणि कोणत्या मालाचा धंदा दाखवलाय. नुसती मशिनरी दिसत असेल आणि अगरबत्तीचं नावच नसेल तर विचारा की बाबा, माझी काडी घेऊन तू विकतोस कुठे.

आता ताई तुमचा मूळ प्रश्न. दर खरा की खोटा हे बघायला एक सरकारी आकडा आहे. खादी ग्रामोद्योग आयोगाने 2020 मध्ये अगरबत्तीची योजना काढली तेव्हा जॉबवर्कचा चालू दर किलोला 15 रुपये धरला होता. एका ऑटोमॅटिक मशीनवर दिवसाला 80 किलो, म्हणजे 1200 रुपये, आणि ते चार जणांत, प्रत्येकी 300. तेव्हापासून दर थोडा वाढला असेल, तुमच्या भागात चौकशी करा, पण 15 चा 40 झाला असेल असं मला वाटत नाही. आणि 80 किलो चार माणसांचं काम धरलंय हे पण लक्षात घ्या, दोघी जावा घरचं सगळं बघून तेवढं काढणार का?

मग प्रश्न असा की जो माल 15 ला करून मिळतो त्याला हा 40 का देतोय. हेच मशीन दुसरीकडे कितीला आहे ते विचारा, मॉडेलची पाटी बघून.

काडीपेटी_२२:
विचारलं दादा. सेम मोटर सेम स्पीडचं दुसऱ्या डीलरने 95 हजार सांगितलं.

जुना_कारखानदार:
म्हणजे तुमच्याकडून 70 हजार जास्त घेतायत. आता हिशोब करा. तो तुम्हाला किलोला 25 रुपये जास्त देतोय, रोज 80 किलो धरले तर दिवसाला 2000 जास्त. 70 हजार भागिले 2000, 35 दिवस. म्हणजे 35 कामाचे दिवस तो तुम्हाला तुमच्याच पैशातून जास्तीची मजुरी देऊ शकतो आणि त्याच्या खिशातून एक रुपया जात नाही. तुम्ही 40 किलोच काढले तर 70 दिवस. त्यानंतर प्रत्येक किलो त्याला महाग पडायला लागतो, आणि बरोबर तेव्हाच माल खराब निघायला लागतो, काडी वाकडी आहे, ओल आहे, मसाला गळतोय, जळताना मध्येच विझते. पावसाळा आला की तर विचारूच नका, ओल असतेच.

म्हणून त्या दोन बायका खोटं बोलत नसतील. त्यांना पैसे खरंच आलेत. फक्त त्यांनी मशीन कधी घेतलं ते विचारा.

मधुमालती:
मला पण असंच झालेलं, कागदी पिशव्यांचं काम होतं, आधी रजिस्ट्रेशन फी मग आयडी कार्डचे मग कुरियरचे असे करत ऑनलाइन पैसे घेतले आणि नंतर फोन बंद. ते परत मिळतील का??

जुना_कारखानदार:
ताई ते वेगळं प्रकरण आहे, ते सरळ सायबर फसवणुकीत येतं. 1930 ला लगेच फोन करा, आणि cybercrime.gov.in वर तक्रार टाका, स्क्रीनशॉट जपून ठेवा. जितका उशीर तितकं अवघड.

द्रोणवाला:
मी जरा उलटं बोलतो. मी द्रोण-पत्रावळीचं मशीन घेतलंय, बायबॅक नाही काही नाही, स्वतः केटरर आणि दुकानदार धरले. सगळ्या मशीनवाल्यांना चोर म्हणू नका, जास्त पैसे घेतात त्यात ट्रेनिंग, रिपेअर, माल पोचवणं असतं. आणि एका पार्टीला एकसारखी काडी हवी असेल तर ती आपल्याच मशीनचा आग्रह धरणार की.

जुना_कारखानदार:
मुद्दा बरोबर आहे, पण तुमचा धंदा स्वतः माल करून विकायचा, यांना मजुरीचं काम विकतायत. ताई, अजून एक बघा, कच्चा माल ते चलनावर देणार की बिल करून विकणार? चलनावर आला तर माल त्यांचा, तुमची फक्त मजुरी. बिल केलं तर माल तुम्ही विकत घेतलात, आणि त्यांनी काडी नाकारली की काडी, मसाला, वीज, मेहनत सगळं तुमच्या अंगावर.

आणि द्रोणवालेंच्या शंकेला सोपी परीक्षा आहे. त्यांना म्हणा, मी हेच मॉडेल 95 ला घेते, नमुना पास करून देते, 40 नको 25 द्या, माल घेणार का? ज्याला काडी हवीय तो कमी दराला नाही कशाला म्हणेल.

काडीपेटी_२२:
केला फोन. म्हणे बायबॅक फक्त आमच्या मशीनवर. नमुना बघायलाच तयार नाही. कच्चा माल बिलावर आहे, आणि करारात "गुणवत्तेनुसार माल स्वीकारला जाईल" एवढंच लिहिलंय, गुणवत्ता म्हणजे काय ते कुठेच नाही. त्या दोघींपैकी एकीने मागच्याच महिन्यात घेतलंय, दुसरी आता फोन उचलत नाहीये.

रानफूल:
करारात लिहून घ्या ना मग, काडीची लांबी, जाडी, किती ओल चालेल, नाकारायचं तर किती दिवसांत आणि नाकारलेला माल परत. स्टॅम्पपेपर आहे म्हणजे कोर्टात टिकेल.

जुना_कारखानदार:
लिहून घ्यायचं हे एकदम बरोबर. पण कागद टिकला तरी पार्टी टिकायला हवी, गाळा भाड्याचा असेल तर नोटीस कुणाला पाठवणार. स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेतलेलं मशीन असेल तर ग्राहक आयोगात जाता येतं, धंद्यासाठी घेतलं म्हणून हाकलत नाहीत, फक्त वेळ जातो.

काडीपेटी_२२:
मशीनचं सध्या थांबवलंय. पण जावेने बुकिंगचे 5 हजार दिलेत मला न विचारता, पावतीवर "नॉन रिफंडेबल" छापलंय. ते सुटतात का? आणि 95 वालं मशीन घेऊन 15-20 रुपयाने सेंटिंगवाल्याचं जॉबवर्क धरलं तर दोघींना परवडेल का, लाइटबिल धरून? कुणी करतंय का असं?

द्रोणवाला:
बुकिंगचं लेखी मागा, व्हॉट्सअपवर का होईना, मशीन हातात आलेलं नाही तर सोडतात कधी कधी. दुसऱ्याचं असं करा, मशीनच्या आधी सेंटिंगवाला शोधा आणि तो चलनावर माल द्यायला तयार आहे का ते कळू द्या. लाइटबिलाचं मला माहीत नाही, माझं मशीन वेगळं आहे.